‘सेल्सगर्ल पाहिजे’ : चार ओळींच्या जाहिरातीचा हिशेब

गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल :

“किराणा व जनरल स्टोअरसाठी सेल्सगर्ल पाहिजे. वेळ सकाळी 10 ते रात्री 8. दुपारी 1 तास सुट्टी. पगार 8,000 ते 10,000, अनुभवानुसार. इच्छुकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज करावा.”

जाहिरात वाचताना आपली नजर आधी 10,000 वर जाते. पण ‘अनुभवानुसार’ असं लिहिलेलं असलं की नवीन बाईला बहुतेक खालचाच आकडा मिळतो. म्हणून हिशेब 8,000 धरूनच करायचा. आज आम्ही हाच हिशेब तुमच्यासमोर मांडणार आहोत, आणि मग मेसेज कसा लिहायचा ते सांगणार आहोत.

समजा, दुकान तालुक्याच्या गावी आहे. सकाळी 10 ते रात्री 8 म्हणजे दहा तास. जेवणाचा एक तास वजा केला तर काम नऊ तासांचं. आठवड्याची एक सुट्टी धरली तर महिन्याला 26 दिवस भरतात. नऊ गुणिले 26, म्हणजे 234 तास. आता जाण्यायेण्याचा खर्च. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाताना 15 रुपये धरू. पण रात्री आठनंतर एसटी नसेल तर परत येताना वडाप किंवा रिक्षा करावी लागणार, तिचे 30 धरू. रोजचे 45, महिन्याचे 1,170. ते 8,000 मधून गेले की हातात राहतात 6,830. त्याला 234 ने भागा. तासाला 29 रुपये पडतात.

आता शेजारच्या दुसऱ्या दुकानाची जाहिरात घ्या. वेळ सकाळी 11 ते 5, अर्धा तास जेवण, पगार 5,500. आकडा लहान आहे म्हणून आपण ती सोडून देतो. पण इथं काम साडेपाच तासांचं, म्हणजे 26 दिवसांचे 143 तास. पाच वाजता सुटल्यावर एसटी मिळते, म्हणून जाण्यायेण्याला 780. हातात 4,720 राहतात आणि तासाला 33 रुपये पडतात. शिवाय संध्याकाळ घरी. घरात रोख जास्त लागत असेल तर पहिलं काम घ्यावं लागेल, ते खरं आहे. पण तासाचा भाव पहिल्या ठिकाणी कमी आहे, हे माहीत असून घ्यावं.

आणखी एक गोष्ट. दुकानात काम करणाऱ्यांसाठी सरकारनं किमान वेतन ठरवलेलं आहे. दुकान लहान आहे, माणूस एकच आहे, म्हणून ते लागू होत नाही असं नसतं. महाराष्ट्रात पूर्ण दिवसाच्या कामाला 8,000 हा आकडा त्या दराच्या खाली आहे, आणि वरचा दुसरा पगारही तासाच्या भावानं तिथवर पोचत नाही. महागाईप्रमाणे हा दर वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून चालू आकडा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून घ्या. बाई आहे म्हणून त्याच कामाला पुरुषापेक्षा कमी देणंही 1976 पासून कायद्याला मान्य नाही. पुष्कळ लहान दुकानं कमी देतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण सरकारी दर माहीत असला तर पगाराची बोलणी 8,000 पासून सुरू होत नाहीत.

आता मेसेज. पुष्कळ जणी नुसतं ‘हाय’ किंवा ‘काम आहे का’ असं पाठवतात. दुकानदाराला असे वीस मेसेज येतात, तो कुणाकुणाला विचारणार? पहिल्याच मेसेजमध्ये आपण कोण, काय येतं आणि काय विचारायचं आहे, एवढं यावं. असं लिहिता येईल :

“नमस्कार. दुकानातल्या कामाची जाहिरात वाचली. मी अमुक गावची, वय 32, दहावी पास. बचत गटाचा हिशेब तीन वर्षं लिहिते. वजनकाटा आणि मोबाइलवरून पैसे घेणं येतं. आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, आणि पगार किती तारखेला होतो, ते कळवावं. भेटायला कधी येऊ?”

गटाचं वहीलेखन, पापड-मसाल्याचा स्टॉल, आठवडी बाजारात केलेली भाजीविक्री, हा सगळा अनुभवच आहे. तो लिहिला नाही तर ‘अनुभवानुसार’ मध्ये आपण आपोआप खाली जातो. आधार कार्डाचा फोटो मात्र पहिल्या मेसेजबरोबर पाठवू नका. काम ठरल्यावर दुकानात जाऊन प्रत द्यावी.

भेटायला जाल तेव्हा दोन गोष्टी आवर्जून विचारा, कारण पुढं भांडण होतं ते इथंच. पहिली, खाड्याचे पैसे कसे कापणार? 8,000 ला 30 ने भागलं तर एका दिवसाचे 267 जातात, 26 ने भागलं तर 308. दुसरी, गल्ल्यात पैसे कमी भरले तर काय? गल्ल्यावर दोघंतिघं बसत असतील तर तूट एकटीच्या पगारातून कापली जाऊ नये, हे आधीच बोलून घ्यावं. रोज गल्ला हातात घेताना आणि देताना दोघांनी मिळून मोजायचा, असं ठरलं तर दुकानदाराचंही समाधान होतं.

बोलणं झालं की घरी येऊन त्याच नंबरवर एक मेसेज टाका : “दादा, आज बोलल्याप्रमाणे वेळ 10 ते 8, जेवणाची सुट्टी 1 तास, सोमवारी सुट्टी, पगार 9,000, दर महिन्याच्या 5 तारखेला. एक तारखेपासून येते. बरोबर आहे ना?” समोरून ‘हो’ आलं की तो मेसेज पुसू नका. लहान दुकानात नेमणुकीचं पत्र सहसा कुणी देत नाही, पण हा मेसेज लेखीच असतो. दोन महिन्यांनी ‘आठच्या ऐवजी नऊपर्यंत थांब’ असं झालं, तर दाखवायला काहीतरी हातात राहतं.

शेवटी, खोटी जाहिरात कशी ओळखायची? खऱ्या दुकानाला पत्ता असतो, तिथं जाऊन शटर उघडं आहे का ते पाहता येतं. खोट्या जाहिरातीत दुकानाचं नाव मोघम असतं, काम हलकं आणि पगार भरमसाट असतो, आणि भेटायला जागा सांगत नाहीत. मग ‘नोंदणी’ किंवा ‘ड्रेस’ म्हणून दोनपाचशे रुपये मागतात. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. ‘पगाराचा अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर थांबा. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ओटीपीही कुणाला सांगू नका. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं अवघड.

पुढच्या बैठकीला कुणाच्या मोबाइलवर अशी जाहिरात आली असेल तर ती मोठ्यानं वाचा, आणि तास, प्रवासखर्च व हातात राहणारी रक्कम वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहा.