सहा भिंती मोजायच्या की आतली हवा?

एक मीटर बाजूची घनाकृती पेटी वाहत्या हवेत ठेवली आहे असे समजा. तिच्या भिंती फक्त कल्पनेतल्या आहेत, हवा आरपार जाते. दर सेकंदाला पेटीतून एकूण किती हवा बाहेर पडते, आत आलेली वजा करून? हाच बंद पृष्ठभागातून जाणारा फ्लक्स.

पेटीचा एक कोपरा आरंभबिंदूवर आहे आणि हवेच्या वेगाचे तीन घटक, मीटर प्रति सेकंदात, (x² + 3, y, 2) आहेत. सरळ मार्ग म्हणजे एकेक भिंत मोजणे. मोजायचा तो फक्त भिंतीला लंब असलेला घटक, कारण भिंतीलगत सरकणारी हवा ती ओलांडत नाही. x = 1 या भिंतीतून ४ घनमीटर बाहेर जातात. x = 0 या भिंतीवर वेग ३ आहे, पण ती हवा आत येते, म्हणून उणे ३. y च्या दोन भिंतींतून १ आणि ०; वरून २ बाहेर, खालून २ आत. बेरीज २. सगळ्यात जास्त चुका होतात त्या या चिन्हांच्या. तो उणे ३ नुसता ३ लिहिला, तर उत्तर थेट ८ येते.

आता आडवाट. x² + 3 हा घटक x च्या दिशेने 2x या दराने बदलतो, y हा १ या दराने, आणि २ तर बदलतच नाही. या तिन्ही दरांची बेरीज, 2x + 1, म्हणजे डायव्हर्जन्स: त्या बिंदूपाशी हवा किती पसरते आहे. पेटीत x ची सरासरी अर्धा, म्हणून डायव्हर्जन्सची सरासरी २, आणि घनफळ १. उत्तर पुन्हा २.

हे जुळते कसे? पेटीचे बारीक बारीक कप्पे पाडा. दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून एकाची जी हवा बाहेर जाते, तीच दुसऱ्यात आत येते. बेरजेत आतले सगळे पडदे एकमेकांना खोडतात. उरतात बाहेरच्या भिंती. हे प्रमेय गाउसच्या नावाने शिकवतात, पण त्याची सर्वसाधारण सिद्धता मिखाईल ओस्ट्रोग्राडस्की यांनी १८२६ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे मांडली होती.

आडवाटेला एक अट आहे: क्षेत्र आत कुठेही बिघडता कामा नये. आरंभबिंदूपासून सगळीकडे बाहेर जाणारे, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणारे क्षेत्र घ्या. डायव्हर्जन्स काढला तर सर्वत्र शून्य येतो. पण r त्रिज्येच्या गोलावर क्षेत्र 1/r² आणि क्षेत्रफळ 4πr², म्हणजे फ्लक्स 4π! गोम मधल्या एकाच बिंदूत आहे, कारण तिथे सूत्रात शून्याने भागावे लागते. म्हणून गणिताला हात घालण्याआधी छेद कुठे शून्य होतो ते बघावे, आणि असा बिंदू आत असेल तर त्याभोवतीचा चिमुकला गोल कापून वेगळा मोजावा. उरलेल्या भागात डायव्हर्जन्स खरोखरच शून्य असतो, त्यामुळे बाहेरच्या पृष्ठभागातला फ्लक्स त्या चिमुकल्या गोलाइतकाच भरतो. विद्युतभाराचे क्षेत्र याच जातीचे असते. म्हणून तो भार बंद कवचात मध्यभागी असो की एखाद्या भिंतीजवळ, कवचातून जाणारा एकूण फ्लक्स तेवढाच राहतो.