तांबड्या पेशी फुगतात तेव्हा

गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना मला धाप लागू लागली. जेवल्यावर सोफ्यावरच डोळा लागायचा. "वय झालं आता," असं सौ.ला सांगून मी विषय मिटवला.

वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन ११ निघालं. पुरुषांना ते साडेतेराच्या आसपास तरी हवं. लोह कमी असेल, असं मी धरून चाललो. डॉक्टरांनी मात्र बोट ठेवलं 'एम.सी.व्ही.' या आकड्यावर, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकारावर. तो ८० ते १०० हवा. माझा १०९ होता. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, माझ्या तर फुगल्या होत्या. त्यांनी लगेच विचारलं, "रोज किती घेता?"

"दोन पेग," मी म्हणालो. घरी सौ.ने माझा पेग मापाच्या भांड्यात ओतला. ९० मिलिलिटर! अमेरिकेतलं एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे ४४ मिलिलिटर व्हिस्की. म्हणजे रोजची चार, आठवड्याची अठ्ठावीस. इथे पुरुषाने आठवड्याला पंधरा घेतली तरी ते अतिमद्यपान धरतात.

हाडांच्या मज्जेत नवी पेशी घडताना डी.एन.ए. लागतो आणि त्यासाठी फोलेट. ते नसलं की पेशीचं विभाजन रखडतं, पण वाढ चालूच राहते. पेशी मोठ्या होतात, पण थोड्या. दारू आतड्यात फोलेट नीट शोषू देत नाही, यकृतातला साठा बिघडवते आणि लघवीवाटे ते जास्त घालवते. शिवाय चकण्यावर पोट भरल्यावर पालेभाजी, आमटी कोण खातो?

गंमत म्हणजे या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतली. तिथल्या गरोदर बायकांचा असाच पंडुरोग यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, बरा होतो हे डॉ. लूसी विल्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. अमेरिकेत १९९८ पासून 'एनरिच्ड' पिठात फोलिक ॲसिड घालणं सक्तीचं आहे. आपल्या देशी दुकानातल्या कणकेला ती सक्ती नाही.

मी फोलिक ॲसिडची बाटली आणायला निघालो होतो. डॉक्टरांनी थांबवून आधी बी-१२ तपासलं. शाकाहारी मंडळींत तेही कमी असतं आणि पेशी तशाच फुगतात. अशा वेळी नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. माझं बी-१२ ठीक होतं, फोलेट कमी. रोज १ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. पण गोळी घेऊन पेग चालू ठेवायची सोय नव्हती, कारण फोलेट पुरेसं असलं तरी दारू एकटीच पेशी फुगवू शकते. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास हातापायांना कंप, प्रसंगी फिटही येते. म्हणून मी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे जुन्या मोठ्या पेशी जायला वेळ लागतो. चार महिन्यांनी एम.सी.व्ही. ९६ आणि हिमोग्लोबिन १३.६ आलं. मापाचं भांडं सौ.ने अजून कपाटात परत ठेवलेलं नाही.