सोळा हजारांतून उरतं किती?

बाजार वर जाईल की खाली, याचा अंदाज न बांधता पैसे मिळवायचे, असं आकर्षण ‘डेल्टा न्यूट्रल’ ट्रेडिंगमध्ये असतं. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये काम करणाऱ्या लहान ट्रेडरपर्यंत ही कल्पना आता पोचली आहे. तिचं गणित खरं आहे. मोठ्या संस्था त्यावर वर्षानुवर्षं धंदा करतात. पण आठ-दहा लाखांचं भांडवल घेऊन बसलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. या पद्धतीत मिळणारा फायदा मुळातच बारीक, आणि तो मिळवण्यासाठी जे सौदे करावे लागतात त्यांचा खर्च जाडजूड. दोन्ही एका कागदावर मांडून पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आधी डेल्टा म्हणजे काय ते पाहू. निफ्टी एक पॉइंट हलला की तुमच्याकडच्या ऑप्शनची किंमत किती हलेल, तो आकडा म्हणजे डेल्टा. बाजार २५,००० वर असताना २५,००० चा कॉल आणि २५,००० चा पुट, दोन्ही विकले तर कॉलचा आणि पुटचा डेल्टा एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. याला शॉर्ट स्ट्रॅडल म्हणतात. त्या क्षणी निफ्टी थोडा वर गेला काय आणि खाली गेला काय, तुम्हाला फरक पडत नाही. दिवस मात्र उलटत राहतात आणि विकलेल्या प्रीमियममधला पैसा रोज थोडाथोडा तुमचा होत जातो.

गोम अशी, की हा शून्य टिकत नाही. निफ्टी वर सरकला की विकलेला कॉल जड होतो आणि तुमची पोझिशन मंदीची होते. खाली सरकला की पुट जड होतो आणि पोझिशन तेजीची होते. डेल्टा किती वेगाने बदलतो ते सांगणाऱ्या आकड्याला गॅमा म्हणतात. शून्यावर परत यायचं तर बाजार चढल्यावर फ्यूचर विकत घ्यावा लागतो आणि उतरल्यावर विकावा लागतो. म्हणजे महाग घ्यायचं आणि स्वस्त विकायचं. हा तोटा चुकीतून होत नाही, तो या पद्धतीच्या पोटातच आहे. रोज सुटणारं प्रीमियम आणि हेजिंगमधला हा तोटा यांच्यात जे अंतर उरतं, तेवढीच कमाई.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. दर २०२५ मधले धरले आहेत. तेव्हा निफ्टीचा लॉट ७५ चा होता. एक्स्पायरीला चार आठवडे असताना चार लॉटचं स्ट्रॅडल विकलं, म्हणजे ३०० नग. यात साधारण दहा लाखांची मार्जिन अडकते. बाजार वर्षाला १३ टक्के चढउतार गृहीत धरून ऑप्शनची किंमत लावतोय आणि प्रत्यक्षात चढउतार १२ टक्केच होईल, असं समजा. तुमचा अंदाज बरोबर ठरला, असंही समजा. १३ टक्क्यांना स्ट्रॅडलची किंमत ७२० पॉइंटच्या आसपास येते, १२ टक्क्यांना ६६५ च्या. फरक ५५ पॉइंटचा, आणि ३०० नगांवर तो होतो साधारण १६,६०० रुपये. महिनाभराच्या कामाचा ढोबळ मोबदला एवढाच, तोही अंदाज खरा ठरला तर.

या पोझिशनचा गॅमा असा आहे, की निफ्टी २८० पॉइंट हलला की डेल्टा एका फ्यूचर लॉटएवढा बदलतो. १२ टक्के चढउतार म्हणजे रोजची सर्वसाधारण हालचाल १९० पॉइंटच्या आसपास. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की डेल्टा शून्यापासून किती ढळला की हेज करायचा? या मर्यादेलाच थ्रेशोल्ड म्हणतात.

मोठ्या संस्थेला हवा तेवढा हेज करता येतो. तिच्याकडे शेकडो लॉट असतात, त्यातले तीन विकले, पाच घेतले, असं चालतं. चार लॉटवाल्याला पाव लॉट फ्यूचर कोणी देत नाही. घ्यायचा तर अख्खा. त्यामुळे डेल्टा अर्ध्या लॉटने ढळताच हेज करायचं ठरवलं, तर उणे अर्ध्यावरून एक लॉट घेऊन तुम्ही अधिक अर्ध्यावर जाता. म्हणजे दुसऱ्या टोकाच्या मर्यादेवर! बाजार जरा हलला की पुन्हा सौदा. म्हणून थ्रेशोल्ड अर्ध्या लॉटच्या बराच वर ठेवावा लागतो.

किती वर? पाऊण लॉट धरून एक फेरी बघू. निफ्टी २५,००० वरून २५,२१० वर गेला. डेल्टा उणे पाऊण झाला, तुम्ही एक लॉट घेतला, आता डेल्टा अधिक पाव. इथून बाजार १४० पॉइंट उतरून २५,०७० ला आला की डेल्टा अधिक पाऊण होतो आणि तुम्ही तो लॉट विकता. फ्यूचरमध्ये साडेदहा हजार गेले. त्यातला मोठा भाग ऑप्शनमधून भरून निघतो, कारण बाजार जिथून निघाला होता त्याच्या जवळ परत आला आणि मधल्या काळात प्रीमियम गळलं. या स्ट्रॅडलमध्ये ते दिवसाला सुमारे पावणेचार हजार गळतं. भरून निघत नाही तो खर्च. त्या फ्यूचरची किंमत पावणेएकोणीस लाख. विकताना ०.०२ टक्के दराने एसटीटीचेच ३७५ रुपये. त्यावर एक्सचेंजचा आकार, ब्रोकरेज, जीएसटी आणि घेतानाची स्टँप ड्युटी. भावात एखादा पॉइंट सुटतो, त्याचे ७५ वेगळे. घेणं आणि विकणं यांची सरासरी काढली तर एका सौद्याला सुमारे ३४५ रुपये पडतात.

निफ्टी कुठल्याच दिशेला न झुकता इकडेतिकडे हलतो आणि गॅमा महिनाभर तेवढाच राहतो, असं सोपं गृहीतक धरलं, तर वीस ट्रेडिंग दिवसांत किती सौदे होतील याचा हिशोब मांडता येतो. थ्रेशोल्ड ०.६ लॉट ठेवला तर सुमारे ४५, पाऊण लॉट ठेवला तर १८ आणि पूर्ण एक लॉट ठेवला तर ९. खर्च अनुक्रमे साडेपंधरा हजार, सहा हजार दोनशे आणि तीन हजार शंभर. स्ट्रॅडल विकण्या-फेडण्याचे आणखी सतराशे धरले तर ०.६ वाला ट्रेडर अंदाज बरोबर येऊनही पाच-सहाशे रुपये तोट्यात जातो. पाऊणवाल्याला ८,७०० उरतात आणि एक लॉटवाल्याला ११,८००.

मग थ्रेशोल्ड जितका सैल तितकं बरं? तसंही नाही. हेज उशिरा केला की मधल्या काळात तुम्ही उघडे असता आणि महिन्याचा निकाल नशिबावर जास्त हलतो. वरच्याच गृहीतकावर हा हेलकावा एक लॉटच्या थ्रेशोल्डला २६ हजारांच्या आसपास येतो, पाऊणला २० हजार आणि ०.६ ला १९ हजार. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. पाऊणवरून ०.६ वर येताना हेलकावा हजार-दीड हजाराने कमी झाला आणि त्यासाठी खर्च नऊ हजारांहून जास्त वाढला. शिस्त म्हणून वारंवार हेज करणारे अनेक जण नेमके इथे पैसे घालवतात, आणि त्यांना ते कळत नाही, कारण स्क्रीनवर डेल्टा छान शून्याजवळ दिसत असतो.

या खर्चाचा विचार गणितज्ञांनी पूर्वीच करून ठेवला आहे. व्हॅली आणि विल्मॉट यांच्या १९९७ च्या सूत्रानुसार योग्य थ्रेशोल्ड खर्चाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. सौद्याचा खर्च आठपट झाला तर थ्रेशोल्ड दुप्पट करायचा. एक्स्पायरी जवळ येते आणि भाव स्ट्राइकपाशी रेंगाळतो, तेव्हा गॅमा वाढतो. तेव्हाही मर्यादा सैल करायला हे सूत्र सांगतं. अनेक ट्रेडर घाबरून नेमकं उलट करतात.

खर्च वाढणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. १ एप्रिल २०२६ पासून फ्यूचरवरचा एसटीटी ०.०२ वरून ०.०५ टक्क्यांवर गेला. वरच्याच उदाहरणात एक सौदा ३४५ ऐवजी सव्वासहाशेचा होतो. पाऊणवाल्याच्या हातात महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास उरतात, तेही दहा लाख अडकवून आणि वीस हजारांचे हेलकावे सोसून. फ्यूचरऐवजी ऑप्शन घेऊन-विकूनही डेल्टा सावरता येतो. तिथे एसटीटी फक्त विकताना आणि प्रीमियमवर लागतो, म्हणून तो हलका पडतो. पण भावातलं अंतर जास्त असतं आणि पोझिशनचं रूपच बदलतं.

शिवाय कुठलाही थ्रेशोल्ड बंद बाजारात चालत नाही. ७ एप्रिल २०२५ ला निफ्टी उघडतानाच हजाराहून जास्त पॉइंट खाली होता. आपल्या स्ट्रॅडलवर हजार पॉइंटची अशी उडी पडली तर तोटा सव्वा लाखाच्या घरात जातो, आणि घाबरलेल्या बाजारात ऑप्शन महागले की त्याहून जास्त. सोळा हजारांच्या फायद्याचे सात महिने एका सकाळी जातात. दूरचे कॉल-पुट विकत घेऊन हा धोका बांधता येतो, पण त्यांची किंमतही त्याच सोळा हजारांतून द्यायची.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, आणि या मंडळींनी नुसत्या सौद्यांच्या खर्चापोटी सुमारे ५० हजार कोटी रुपये मोजले. त्यातले डेल्टा न्यूट्रलवाले किती, हे त्यातून कळत नाही, पण खर्चाच्या बाबतीत त्यांना कुणी सूट दिलेली नाही.

माझं मत विचाराल तर चार लॉटच्या आत ही पद्धत धंदा म्हणून करण्यासारखी नाही. तरीही करत असाल तर गेल्या तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट काढा आणि हेजच्या सौद्यांवरचा सगळा खर्च एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला लिहा, किती टक्के चढउताराला ऑप्शन विकले, प्रत्यक्षात किती झाला आणि त्या फरकाचे किती रुपये होतात. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून जास्त निघाला, तर पुढची पोझिशन घेण्याआधी थ्रेशोल्ड वाढवा. वाढवूनही तो निम्म्याच्या खाली येत नसेल, तर पैसे काढून घ्या.