वरची पकड कधी सोडायची?

डेटाबेसमधल्या कोट्यवधी नोंदींतून हवी ती नोंद क्षणात सापडते, ती बी-ट्री नावाच्या निर्देशांकामुळे. वर मूळ, मध्ये वाट दाखवणारे नोड आणि तळाशी क्रमाने लावलेली पानं, अशी त्याची रचना असते. एकटाच माणूस शोधत असेल तोवर सगळं सोपं आहे. पण एक जण शोधत असताना दुसऱ्याने त्याच पानात भर घातली, तर?

समजा, एका पानात चारच आकडे मावतात आणि त्यात ३६, ४०, ४४, ४८ आहेत. पान भरलेलं आहे. वाचकाला ४८ हवा आहे. त्याने वरच्या नोडमधून पानाचा पत्ता घेतला आणि तो नोड सोडून दिला. तेवढ्यात दुसऱ्याने ४२ घातला. जागा नसल्याने पान दुभंगलं : जुन्यात ३६ आणि ४० राहिले, ४२, ४४, ४८ नव्या पानात गेले. वाचक जुन्या पत्त्यावर पोहोचला आणि ‘४८ नाही’ असं उत्तर देऊन मोकळा झाला. नोंद जागेवर असूनही उत्तर चुकलं, आणि अशी चूक कुठलाही इशारा न देता होते.

संपूर्ण निर्देशांकाला कुलूप लावलं, तर ही चूक टळते. मात्र सगळे खोळंबतात. ‘लॅच क्रॅबिंग’मध्ये खालच्या नोडचा लॅच, म्हणजे अगदी अल्पकाळाचं कुलूप, हाती आल्यावरच वरचा सोडायचा असतो. वाचकांचे लॅच सामायिक, म्हणून ते एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणाऱ्याचा लॅच मात्र एकट्याचा. खालच्या नोडमध्ये जागा असेल, तर दुभंगण्याचा परिणाम वर जाणार नाही, म्हणून तो वरचे सगळे लॅच सोडतो. आपल्या उदाहरणात मधल्या नोडमध्ये जागा आहे. मूळ लगेच मोकळं होतं आणि दुसऱ्या फांदीतला शोध चालू राहतो. पान भरलेलं असल्याने मधला नोड मात्र तो धरून ठेवतो. वाचक त्या नोडवर असेल, तर लिहिणाऱ्याला आधी थांबावंच लागतं.

तरीही प्रत्येक भर घालणारा मुळावर एकट्याचा लॅच मागतो आणि तिथेच रांग लागते. रुडॉल्फ बायर आणि मारिओ श्कोल्निक यांच्या १९७७च्या शोधनिबंधात यावर आशावादी उपाय आहे : वाचकासारखं सामायिक लॅच घेत खाली उतरायचं, फक्त पानावर एकट्याचा घ्यायचा. पान भरलेलं निघालं, तर सगळं सोडून मुळापासून कडक पद्धतीने पुन्हा यायचं. खऱ्या पानात अनेकदा शेकडो नोंदी मावतात, त्यामुळे ही दुसरी फेरी क्वचितच लागते.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ५.७ आवृत्तीपूर्वी पान दुभंगताना अख्ख्या निर्देशांकाचं कुलूप एकट्यासाठी घेतलं जाई. ५.७मध्ये वाचकांना वाट देणारं मधलं कुलूप आलं. पण दुभंगणाऱ्या दोघांना ते एकाच वेळी मिळत नाही. भर घालण्याचा वेग खुंटला आणि `performance_schema`मध्ये `wait/synch/sxlock/innodb/index_tree_rw_lock`वरची प्रतीक्षा वाढलेली दिसली, तर रांग बहुधा याच कुलपापाशी लागलेली असते.