डिस्काउंटला कुलूप, पण रेटचा रकाना उघडा?

ऑर्डर सिस्टिममध्ये क्लार्कने ऑर्डर भरायची आणि डिस्काउंट मॅनेजरने मंजूर करायचा, ही विभागणी बहुतेक ठिकाणी असते. क्लार्कच्या रोलला `order.create` आणि मॅनेजरच्या रोलला `discount.approve` दिलं, की काम झालं असं वाटतं. खरी गळती मात्र शेजारच्या रकान्यातून होते.

समजा, १,२५० रुपयांचे ४० बॉक्स, म्हणजे ५०,००० रुपयांची ऑर्डर आहे. गिऱ्हाईक ८ टक्के मागतंय. क्लार्कने डिस्काउंट टाकला तर ऑर्डर मंजुरीसाठी अडकते. पण रेट बदलता येत असेल, तर तो १,१५० लिहितो. बिल तेच, ४६,००० रुपये. डिस्काउंट कागदावर शून्य आणि मॅनेजरला पत्ताच नाही! म्हणून रेट प्राइस लिस्टमधूनच यायला हवा, आणि त्याहून कमी रेटने विक्री झाली तर तिला डिस्काउंटच धरायला हवं.

दुसरी फट मंजुरीनंतरची. ४० बॉक्ससाठी मिळालेले ८ टक्के, नंतर संख्या ५ केली तरी तसेच राहतात. ऑर्डरची कुठलीही ओळ बदलली की मंजुरी आपोआप रद्द झाली पाहिजे. मॅनेजरने स्वतः भरलेल्या ऑर्डरला मंजुरी दुसऱ्याची हवी, हेही सिस्टिमनेच बघावं.

आणि तपासणी सर्व्हरवर हवी. क्लार्कला ‘मंजूर’ बटण न दाखवणं पुरेसं नाही. क्लार्कच्या लॉगिनने मंजुरीची रिक्वेस्ट थेट पाठवून पाहा. उत्तर `403 Forbidden` यायला हवं. `200 OK` आलं, तर लपलंय ते फक्त बटण.