विश्लेषण : जास्त व्हिडिओ टाकले की प्रत्येक व्हिडिओचे व्ह्यूज घटतात का? हे तपासायचे कसे?

आठवड्याला दोनऐवजी चार व्हिडिओ टाकले तर यूट्यूब वाहिनीचे भले होते की प्रत्येक व्हिडिओच्या वाट्याला येणारे प्रेक्षक विभागले जातात? या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी ठाम मते ऐकू येतात आणि प्रत्येकाकडे दाखवायला आपला आलेख असतो. पण जुने आकडे शेजारीशेजारी ठेवून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी छोटा प्रयोग करावा लागतो. तो घरच्या घरी कसा करता येतो, हे पाककृतींच्या एका काल्पनिक वाहिनीच्या उदाहरणातून पाहू.

जुने आकडे का फसवतात?

समजा, ही वाहिनी एरवी आठवड्याला दोन व्हिडिओ टाकते. दिवाळीआधीच्या महिन्यात तिने चकली, करंजी, चिवडा, अनारसे असे आठवड्याला चार व्हिडिओ टाकले आणि प्रत्येक व्हिडिओला नेहमीपेक्षा जास्त व्ह्यूज मिळाले. मग ‘जास्त टाकले म्हणून जास्त चालले’ असे म्हणायचे का? नाही. दिवाळी जवळ आली म्हणून लोक फराळाच्या पाककृती शोधत होते आणि दिवाळी जवळ आली म्हणूनच वाहिनीनेही जास्त व्हिडिओ टाकले. दोन्ही गोष्टी एकदम वाढल्या, कारण दोन्हींच्या मागे तिसरेच कारण होते.

दुसरा सापळा उलट्या दिशेचा असतो. एखादा व्हिडिओ उसळला की उत्साह येतो आणि आपण जास्त टाकू लागतो. इथे यश आधी आले, वेग नंतर वाढला. तिसरा सापळा सहज लक्षात येत नाही. दोन-तीन आठवडे वाईट गेले की घाबरून व्हिडिओंची संख्या वाढवली जाते. पुढचे आठवडे बरे जातात. पण फारच वाईट काळानंतर आकडे आपोआपच सरासरीकडे परततात. काहीच केले नसते, तरी ते बहुधा सुधारलेच असते.

दुसऱ्यांच्या वाहिन्यांशी तुलना करूनही हे सुटत नाही. रोज व्हिडिओ टाकणाऱ्या वाहिनीकडे बहुधा संकलक असतो, चांगला कॅमेरा असतो, जुना प्रेक्षक असतो. तिचे यश वेगाचे की या साऱ्याचे, हे बाहेरून कळत नाही.

मग उपाय काय?

उपाय जुना आहे आणि तो शेतातून आला आहे. खत घातलेल्या वाफ्यात पीक चांगले आले, पण ते खतामुळे की तिथली जमीनच कसदार होती म्हणून? इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यावर मार्ग दाखवला. शेजारशेजारच्या वाफ्यांचे गट करायचे आणि खत कोणत्या वाफ्याला द्यायचे हे माणसाने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवायचे. १९३५ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या पुस्तकात या पद्धतीची सविस्तर मांडणी आहे.

आपल्या प्रयोगात वाफ्याच्या जागी आठवडे येतात. कोणत्या आठवड्यांत दोन आणि कोणत्या आठवड्यांत चार व्हिडिओ टाकायचे, हे सण, उत्साह किंवा भीती ठरवणार नाही. ते नाणे ठरवेल. नाण्याला दिवाळी कळत नाही आणि मागचा व्हिडिओ पडला हेही कळत नाही. त्यामुळे वेग आणि व्ह्यूज या दोन्हींना एकदम हलवणारे तिसरे कारण मध्ये येण्याचा मार्गच बंद होतो.

प्रयोगाची आखणी कशी करायची?

एक टप्पा १४ दिवसांचा धरा. पहिले ४ दिवस आधीच्या वेळापत्रकाचा प्रभाव ओसरण्यासाठी सोडून द्या. मधल्या ७ दिवसांत टाकलेले व्हिडिओच मोजा. शेवटचे ३ दिवस यासाठी, की मोजायच्या शेवटच्या व्हिडिओचेही पहिले ७२ तास त्याच टप्प्यात पूर्ण व्हावेत. टप्पा गुरुवारी सुरू केला तर मोजायचा आठवडा नेमका सोमवार ते रविवार येतो.

असे दोन टप्पे मिळून एक जोडी होते. एक संथ, म्हणजे आठवड्याला दोन व्हिडिओंचा. दुसरा वेगवान, चार व्हिडिओंचा. यातला आधी कोणता, हे नाणेफेकीवर सोडा. अशा ६ जोड्या करायच्या झाल्यास २४ आठवडे लागतात. मोठा सण जोडीतल्या एकाच टप्प्यात येत असेल तर त्या काळात जोडी सुरूच करू नका, सण गेल्यावर करा.

आता दर्जाचा प्रश्न. चार व्हिडिओंच्या घाईत चित्रीकरण घसरले तर व्ह्यूज वेगामुळे घटले की दर्जामुळे, हे कळणार नाही. म्हणून प्रत्येक जोडीआधी तिला लागणारे सगळे १२ व्हिडिओ शीर्षक आणि थंबनेलसह तयार ठेवा. त्यातले कोणते ४ संथ टप्प्यात आणि कोणते ८ वेगवान टप्प्यात जातील, हेही चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर आपल्या नकळत आवडते व्हिडिओ आवडत्या टप्प्यात जातात.

वारांचेही भान हवे. संथ टप्प्यात मंगळवार व गुरुवार आणि वेगवान टप्प्यात त्यांच्या जोडीला सोमवार व शुक्रवार घ्या, वेळ एकच ठेवा. वेगवान टप्प्यात रविवार आला आणि रविवारी मुळातच प्रेक्षक जास्त असले, तर तो फायदा वेगाच्या खात्यावर जमा होईल.

मोजायचे नेमके काय?

प्रत्येक व्हिडिओचे प्रसिद्धीनंतर बरोबर ७२ तासांनी झालेले व्ह्यूज. आजचा एकूण आकडा घेतला तर जुना व्हिडिओ नेहमीच पुढे दिसेल, कारण त्याला जास्त दिवस मिळालेले असतात. गजर लावून हा आकडा स्वतः वहीत लिहून ठेवणे उत्तम. यूट्यूबच्या अहवालांतील तारखा अमेरिकेतील पॅसिफिक वेळेनुसार असतात. त्यामुळे तिथला ‘एक दिवस’ आपल्या मध्यरात्री सुरू होत नाही आणि तारखेवरून ७२ तास मोजल्यास गडबड होते.

शॉर्ट्स आणि मोठे व्हिडिओ एकत्र मोजू नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला की व्ह्यू मोजला जातो, किमान किती वेळ पाहिला याची अट नाही. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे तोलले तर प्रेक्षक तेवढेच असूनही ‘वाढ’ दिसू शकते.

आकडे आल्यावर निष्कर्ष कसा काढायचा?

समजा, आपल्या काल्पनिक वाहिनीला प्रत्येक व्हिडिओमागे सरासरी असे व्ह्यूज मिळाले :

जोडी १ : संथ ४,२००, वेगवान ३,७००
जोडी २ : संथ ३,९००, वेगवान ३,५००
जोडी ३ : संथ ५,१००, वेगवान ४,३००
जोडी ४ : संथ ४,०००, वेगवान ४,१००
जोडी ५ : संथ ४,४००, वेगवान ३,८००
जोडी ६ : संथ ४,६००, वेगवान ३,९००

सहापैकी पाच जोड्यांत वेगवान टप्पा मागे आहे. सर्व जोड्यांची सरासरी काढली तर संथ टप्प्यात ४,३६७ आणि वेगवान टप्प्यात ३,८८३, म्हणजे सुमारे ११ टक्के घट. पण ही घट निव्वळ योगायोगाने दिसू शकते का?

यासाठी गृहीत धरा, की वेगाचा काहीच परिणाम होत नाही. मग प्रत्येक जोडीत कोणता आकडा ‘संथ’ आणि कोणता ‘वेगवान’ ठरला, हा फक्त नाण्याचा खेळ. सहा नाणेफेकींचे एकूण ६४ प्रकारे निकाल लागू शकतात. आपल्या सहा जोड्यांतील फरकांची बेरीज २,९०० आहे. त्या ६४ प्रकारांपैकी किती प्रकारांत एवढी किंवा याहून मोठी बेरीज, कोणत्याही दिशेने, आली असती? मोजून पाहिल्यास फक्त ४. म्हणजे योगायोगाची शक्यता १६ मध्ये १, सुमारे ६ टक्के. संशोधनात सहसा ५ टक्क्यांची मर्यादा धरतात. तेव्हा घट बहुधा खरी आहे, पण शिक्कामोर्तब करण्याइतका पुरावा नाही, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आणखी दोन-चार जोड्या घेतल्या तर चित्र स्पष्ट होईल, पण किती जोड्या घ्यायच्या हे प्रयोगाआधी ठरवलेले बरे. मनासारखा आकडा येताच थांबायचे असे केले, तर नाणेही आपल्याला हवे तेच सांगते.

घट झाली म्हणजे तोटा झाला का?

इथेच बहुतेक चर्चा भरकटते. संथ आठवड्यात दोन व्हिडिओंचे मिळून सुमारे ८,७३० व्ह्यूज झाले. वेगवान आठवड्यात चारांचे मिळून १५,५३०. प्रत्येक व्हिडिओचा वाटा घटला, तरी वाहिनीचे एकूण व्ह्यूज सुमारे ७८ टक्क्यांनी वाढले. वाढीव दोन व्हिडिओंनी मिळून ६,८०० व्ह्यूजची भर घातली, म्हणजे एकामागे ३,४००. खरा सवाल हा, की ३,४०० व्ह्यूजसाठी आणखी एका व्हिडिओचे सामान, चित्रीकरण आणि संकलन परवडते का. त्याचे उत्तर प्रत्येक वाहिनीचे वेगळे असेल.

या प्रयोगातून काय कळत नाही?

पाककृतीचा व्हिडिओ वर्षभर शोधातून पाहिला जातो, पहिले ७२ तास ती कमाई दाखवत नाहीत. त्यासाठी तेच व्हिडिओ ९० दिवसांनी पुन्हा मोजता येतील, पण तोवर दोन्ही टप्प्यांचे परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात. वर्षभर आठवड्याला चार व्हिडिओ टाकल्यास प्रेक्षक कंटाळतील का किंवा त्यांना सवय लागेल का, हेही १४ दिवसांच्या टप्प्यातून दिसत नाही. शिवाय व्हिडिओ आधी तयार ठेवल्यामुळे घाईतून होणारी दर्जाची घसरण आपण मुद्दाम बाजूला काढली आहे. दर आठवड्याला ताजे चार व्हिडिओ करताना घट ११ टक्क्यांहून जास्त असू शकते. ते तपासायचे तर साठा न करता, पण नाणेफेक तशीच ठेवून, दुसरा प्रयोग करावा लागेल. आणि दोनऐवजी चार या बदलाचे उत्तर चारऐवजी सात व्हिडिओंना लावता येणार नाही.