एक केस, एक स्टिकर आणि प्रकाशाचे दोन स्वभाव

बारावीच्या वर्गात द्वैत शिकवताना सूत्र आधी फळ्यावर लिहू नये. खोलीत अंधार करावा आणि लाल लेझर पॉइंटरच्या झोतात डोक्याचा एक केस ताणून धरावा. दोन मीटरवरच्या भिंतीवर केसाची सावली पडत नाही, उजेड-काळोखाचे आडवे पट्टे उमटतात. लागोपाठच्या काळ्या पट्ट्यांतले अंतर मुलांनीच मोजावे. ते 18.5 मिलिमीटर आले आणि तरंगलांबी 650 नॅनोमीटर असली, तर तरंगलांबी गुणिले अंतर भागिले पट्ट्यांतली जागा, म्हणजे केसाची जाडी सुमारे 70 मायक्रॉन. हे गणित तरंगाशिवाय जमत नाही. झोत मात्र कुणाच्याही डोळ्यात जाता कामा नये.

मग अंधारात चमकणारे स्टिकर घ्यावे. त्यावर लाल लेझर कितीही वेळ धरला तरी ते उजळत नाही, पण मंद निळा एलईडी क्षणभर दाखवला की उजळते. पांढऱ्या टॉर्चवर लाल कागद लावून हा प्रयोग करू नये, कारण त्यातून निळा प्रकाश निसटतो. नुसत्या तरंगाच्या हिशोबाने तीव्रता वाढवून काम व्हायला हवे होते. इथे एकेका पुडक्याची ऊर्जा महत्त्वाची ठरते. ही फोटॉनची निर्णायक सिद्धता नव्हे, हेही सांगावे.

शेवटी 1989 मधल्या तोनोमुरांच्या प्रयोगाची चित्रे दाखवावीत. इलेक्ट्रॉन एकेक येतो, ठिपका देतो आणि हजारो ठिपक्यांतून पट्टे उभे राहतात. तिथे ‘कधी कण, कधी तरंग’ हा मुलांचा समज मोडतो.